आवडणं, प्रेम असणं, प्रेमात पडणं आणि भक्ती : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मराठी घरातल्या माणसाच्या कानावर दिवसभर निरनिराळ्या भाषा पडत असतात. घरात मराठी, बाजारात कोकणी, कामावर हिंदी-इंग्रजी, आणि कुणीतरी लिस्बनला गेलेलं असलं की फोनवर पोर्तुगीजही. प्रेमाच्या बाबतीत या भाषा एकमेकींशी जुळत नाहीत आणि गैरसमज होतात. त्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

"ती मला आवडते" आणि "माझं तिच्यावर प्रेम आहे" यांत नेमका फरक काय?

आधी वाक्याचा कर्ता कोण ते बघा. "ती मला आवडते" या वाक्यात कर्ता ती आहे. क्रियापद तिच्याप्रमाणे चालतं: ती आवडते, तो आवडतो, ते आवडतात. मी तिथे फक्त 'मला' म्हणून आहे. मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला आठवतं, त्याच रांगेत मला आवडतं. यातलं काहीच मी करत नाही, ते माझ्यापाशी येतं. म्हणून आवडण्याची आज्ञा देता येत नाही. "शेजाऱ्यावर प्रेम कर" असं सांगता येतं. आवडण्याच्या बाबतीत फार तर "आवडून घे" म्हणतो, आणि त्यातली जबरदस्ती लगेच ऐकू येते.

दुसरा फरक वेळेचा. बघण्याचा कार्यक्रम आठवा. पोहे होतात, चहा होतो, पाहुणे गाडीत बसतात आणि फाटकाबाहेर पडायच्या आत मुलाला विचारलं जातं, "काय, आवडली का?" अर्ध्या तासात या प्रश्नाचं उत्तर देता येतं, कारण आवडणं हा एका भेटीत होणारा निवाडा असू शकतो. त्याच मुलाला "प्रेम बसलं का?" असं कुणी विचारत नाही. प्रेम बसायला वेळ लागतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

तिसरा फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आवडण्याला कारण असतं आणि कारण गेलं की आवडही जाते. एखाद्या खाणावळीतलं हुमण आवडत असतं, आचारी बदलतो, आपण जाणं सोडतो. त्यात कुणाचा विश्वासघात होत नाही. प्रेम गुणांना धरून सुरू झालं तरी पुढे माणसाला धरून राहतं. म्हणूनच न आवडणाऱ्या माणसावरही प्रेम असू शकतं. सख्ख्या भावाचा स्वभाव आवडत नाही, त्याचं बोलणं आवडत नाही, गणपतीच्या दिवसांतही त्याच्याशी वाद होतो. पण रात्री त्याला गोमेकॉत दाखल केल्याचा फोन आला की आपण पायांत चप्पल सरकवून बांबोळीच्या वाटेला लागतो.

हा फरक खरोखर आहे, की नुसता शब्दांचा खेळ?

खरोखर आहे, आणि तो मोजलाही गेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ झिक रुबिन यांनी 1970 मध्ये दोन वेगळ्या प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या, एक आवडण्याची आणि एक प्रेमाची. दोन्हींत तेरा-तेरा विधानं होती. आवडण्याची विधानं आदराभोवती होती: हा माणूस समंजस आहे, याच्या निर्णयावर मी विसंबेन, मला याच्यासारखं व्हायला आवडेल. प्रेमाची विधानं ओढीची, काळजीची आणि मन मोकळं करण्याची होती.

रुबिन यांनी एकमेकांबरोबर फिरणाऱ्या जोडप्यांना दोन्ही प्रश्नावल्या दिल्या, एकदा जोडीदाराबद्दल आणि एकदा जवळच्या मित्राबद्दल किंवा मैत्रिणीबद्दल. आवडण्याच्या प्रश्नावलीत जोडीदार आणि मित्र जवळपास शेजारी-शेजारी आले. प्रेमाच्या प्रश्नावलीत मात्र जोडीदार खूप वर आणि मित्र बराच खाली. प्रेम म्हणजे आवडण्याचीच वरची पायरी असती, तर दोन्हीकडे सारखंच अंतर दिसायला हवं होतं.

"मी तुझ्यावर प्रेम करतो" बरोबर की "माझं तुझ्यावर प्रेम आहे"?

दोन्ही बरोबर. माझ्या कानाला मात्र 'आहे' हेच घरचं वाटतं. आपल्याकडे राग असतो, लोभ असतो, विश्वास असतो, आणि प्रेमही असतं. 'करतो' म्हटलं की त्यात कृती येते, ठरवणं येतं. म्हणून उपदेशात 'करा' शोभतं आणि कबुलीत 'आहे'. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाने "मी हिच्यावर प्रेम करतो" म्हटलं तर ते भाषणातलं वाक्य वाटेल. तोच माणूस "हिच्यावर माझा जीव आहे" म्हणाला, तर ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं.

प्रेम असणं आणि प्रेमात असणं हे दोन वेगळे कसे?

आपल्या 'पडणे' या क्रियापदाकडे बघा. माणूस आजारी पडतो, त्याला स्वप्न पडतं, प्रश्न पडतो, भूल पडते. यातलं एकही ठरवून होत नाही. प्रेमात पडणं याच जातीचं आहे. आवडण्यासारखंच तेही आपल्या हातात नसतं. पण आवडणं शांत असतं आणि हे माणसाला झोपू देत नाही.

अमेरिकेतल्याच सारा मेयर्स आणि एलन बर्शाइड यांनी 1997 मध्ये एक साधा प्रयोग मांडला. त्यांनी लोकांना याद्या करायला सांगितल्या: तुमचं ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांची नावं, तुम्ही ज्यांच्या प्रेमात आहात त्यांची नावं, आणि ज्यांच्याबद्दल शारीरिक ओढ वाटते त्यांची नावं. पहिली यादी लांब निघाली. त्यात आई-वडील, भावंडं, मैत्रिणी सगळे होते. 'प्रेमात'ची यादी तोकडी, आणि तिच्यातली नावं बहुतेक करून उरलेल्या दोन्ही याद्यांतही सापडत होती. म्हणजे ज्याच्या प्रेमात आहोत त्याच्यावर प्रेम असतंच, वर ओढही असते. उलट मात्र खरं नाही. कुणी "माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण मी तुझ्या प्रेमात नाही" म्हणालं, तर ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. पण त्यात खोटं असतंच असं नाही.

प्रेमात पडण्याचं जवळून वर्णन डोरोथी टेनोव्ह यांनी 1979 मध्ये केलं. नको असताना मनात येत राहणारे विचार, नकाराची भीती, आणि समोरच्याच्या प्रत्येक हालचालीतून अर्थ काढण्याची सवय ही त्यांनी नोंदवलेली लक्षणं आजही तशीच दिसतात. निरोपावर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर नाही आलं, की माणूस तासभर त्या खुणांकडे बघत बसतो. मग "हं" एवढं उत्तर येतं, आणि तो ते बहिणीला दाखवून विचारतो, यात राग आहे का? या अवस्थेला खतपाणी अनिश्चिततेचं असतं. होकार पक्का मिळाला किंवा नकार पक्का मिळाला, की ती हळूहळू ओसरते. टेनोव्ह यांच्या अंदाजाप्रमाणे ती सर्वसाधारणपणे दीड ते तीन वर्षं टिकते. पुढे संसार टिकतो तो त्या काळात खाली प्रेम बसलं असेल तर.

ओळखायची एक खूण सांगते. प्रेमात पडलेल्याच्या मनात "मी तिला काय वाटत असेन?" हा प्रश्न घोळत असतो. प्रेम असलेल्याच्या मनात "ती जेवली असेल का?" हा असतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, पण कुठला प्रश्न आधी येतो ते बघा.

मग माया, लळा, जिव्हाळा हे कुठे बसतात?

माया वरून खाली येते. आजीची नातवावर माया, मावशीची भाचरांवर माया. लहानाची मोठ्यांवर माया असं आपण सहसा म्हणत नाही. लळा लागतो तो लेकराला किंवा मुक्या जनावराला, आणि तो सहवासाने लागतो. शेजारच्या घरात दिवसभर राहणाऱ्या मुलाला शेजारणीचा लळा लागतो. जिव्हाळा दोन्हीकडून सारखा असावा लागतो. नवरा-बायकोत यांतलं बरंच काही असतं, पण नव्या जोडप्याने एकमेकांना "मला तुझी माया वाटते" म्हटलं तर ते चुकीचं ऐकू येईल.

अतिशय आवडणं म्हणजेच भक्ती का?

नाही. आवड कितीही वाढवली तरी तिची भक्ती होत नाही, कारण भक्तीला दिशा असते. ती खालून वर बघते. परतफेडीची तिला गरज नसते आणि बरोबरीची अपेक्षाही नसते. मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला जाणारा माणूस "मला देव आवडतो" म्हणत नाही. तो "श्रद्धा आहे", "भाव आहे" म्हणतो. माणसांच्या बाबतीत हीच गोष्ट आपण "त्याच्यावर जीव ओवाळून टाकते" या शब्दांत सांगतो. गायकाचा चाहता, गुरूचा शिष्य, थोरल्या भावाला देव मानणारा धाकटा, हे सगळे इथे येतात.

गोव्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे ही रेघ अधिक काटेकोर आहे. चर्चच्या शिकवणीप्रमाणे आराधना फक्त देवाची. संतांना द्यायचा तो मान, आणि मारियेला त्याहून वरचा मान. लॅटिनमध्ये या तिघांना लात्रिया, दुलिया आणि हिपरदुलिया अशी वेगळी नावं आहेत. म्हणून जुन्या गोव्यात सां फ्रांसिस्कू शावियेरच्या अवशेषांपुढे रांगेत उभी असलेली कोकणी बाई त्याची आराधना करत नसते. ती 'गोंयच्या सायबा'ला मान द्यायला आलेली असते.

माणसाच्या नात्यात भक्ती धोक्याची ठरते ती बरोबरीचा संसार करायची वेळ आली की. ज्याच्याकडे आपण वर बघतो त्याचे दोष दिसत नाहीत. दिसले की राग त्या दोषाच्या मानाने कितीतरी मोठा येतो.

कोकणीत सगळ्याला 'मोग'च म्हणतात का?

बऱ्याच अंशी, हो. आईचा मोग, देवाचो मोग, नवरा-बायकोचा मोग, आणि प्रेमात पडलेल्यांचाही मोगच. "हांव तुजो मोग करतां" म्हणताना कोकणी माणूस 'तुझ्यावर' म्हणत नाही, 'तुझा' म्हणतो. चर्चमध्ये पाद्री लोकांना "मोगाळ भावांनो आनी भयणींनो" अशी हाक मारतो. निरोप घेताना "मोग असूं दी" म्हणतात, म्हणजे आपलं "लोभ असावा". पेडण्यातून किंवा सत्तरीतून नोकरीसाठी मडगावला आलेल्या मराठी मुलाने सहकारी मुलीच्या "मोग असूं दी"तून दुसराच अर्थ काढू नये.

आवडण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत. "तूं म्हाका आवडटा" या वाक्याची घडण अगदी आपल्यासारखी.

पोर्तुगीज मित्राने "गोश्तु मुइंतु द ती" असं लिहिलं. तो प्रेमात आहे का?

हल्ली हा प्रश्न फार येतो, कारण घरटी कुणी ना कुणी पोर्तुगालला आहे. फोंड्याच्या माझ्या ओळखीतल्या एका मुलीचंच उदाहरण घेते. लिस्बनला ती एका हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला लागली. बरोबरच्या पोर्तुगीज मुलाने तिला एके रात्री हे वाक्य पाठवलं. तिने फोनवर अर्थ बघितला: "मला तू खूप आवडतेस." ती रात्रभर जागी राहिली आणि सकाळी मावशीला फोन केला.

घोटाळा झाला तो त्या मराठी अर्थामुळेच. आपल्याकडे तरुण मुलाने तरुण मुलीला "तू मला आवडतेस" म्हणणं ही उघड कबुली आहे. पोर्तुगीजमधलं 'गुश्तार' हे क्रियापद इतकं गंभीर नाही. ते मूळ लॅटिनमधल्या 'चव घेणे' या अर्थाच्या शब्दातून आलेलं, आणि कॉफीपासून माणसापर्यंत सगळ्यांना चालतं. त्याच्यापुढे 'द' हे अव्यय लागतं. पोर्तुगालमध्ये आई मुलाला, मैत्रीण मैत्रिणीला आणि प्रियकर प्रेयसीलाही "गोश्तु द ती" म्हणतो. 'मुइंतु' म्हणजे खूप. त्याने ऊब वाढते, पण प्रकार ठरत नाही. म्हणजे हे वाक्य एकट्याने काहीच सिद्ध करत नाही.

पुढची पायरी 'आदोरार'. शब्द आराधनेचाच, पण रोजच्या बोलण्यात त्याचं वजन उतरलेलं आहे. चॉकलेटलाही तो चालतो आणि जिवलग मैत्रिणीलाही. "आदोरु-त" हे 'गोश्तु'पेक्षा वरचं आणि 'आमु-त'पेक्षा खालचं समजतात. 'आमार' म्हणजे प्रेम करणं, आणि पोर्तुगालमधले लोक ते जपून वापरतात. ब्राझीलमध्ये त्याचा वापर जास्त सढळ आहे, म्हणून लिहिणारा कुठला ते आधी विचारावं.

प्रेमात पडल्याचं वाक्य एकदम वेगळं आहे: "श्तो आपाइशुनादु पोर ती." त्याला दुसरा अर्थ निघत नाही. पोर्तुगीजमध्ये 'असणे'ची दोन क्रियापदं आहेत, 'सेर' कायमच्या गुणासाठी आणि 'श्तार' सध्याच्या अवस्थेसाठी. कुणाच्या प्रेमात असण्याला 'श्तार' लागतं. हेच विशेषण 'सेर'बरोबर आलं तर अर्थ कायमच्या वेडाकडे झुकतो, जसं कुणाला फुटबॉलचं वेड असतं. प्रेमात पडणं ही अवस्था आहे, स्वभाव नव्हे, हे त्या भाषेने व्याकरणातच नोंदवून ठेवलं आहे. आणि या विशेषणाच्या मुळाशी जो 'पाइशाँव' आहे, तोच शब्द येशूच्या यातनांसाठीही वापरतात, कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सोसणं असा होता.

त्या मुलीला मी दोन गोष्टी बघायला सांगितल्या. तो हेच वाक्य आणखी कुणाला म्हणतो का, आणि तिच्याशी एकटीशी बोलताना त्याची भाषा बदलते का. काही दिवसांनी त्याने नोकरी सोडली आणि निरोपाच्या दिवशी सगळ्यांच्या गटावर लिहिलं, "गोश्तु मुइंतु द वोसेश", म्हणजे तुम्ही सगळे मला खूप प्रिय आहात. तेच वाक्य, अनेकवचनात. मैत्री होती, आणि आजही आहे. तिने त्या पहिल्या रात्री उत्तरादाखल "आमु-त" लिहून पाठवलं असतं, तर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

मग मराठीच्या सगळ्यांत जवळची युरोपीय भाषा कुठली?

आवडण्यापुरती स्पॅनिश. 'गुस्तार' हा पोर्तुगीज 'गुश्तार'चाच भाऊ, पण वाक्य आपल्यासारखं फिरतं. "मे गुस्तास" यात कर्ता तू, आणि मी 'मला'. अर्थही जुळतो: माणसाला उद्देशून म्हटलं की ती ओढीची कबुली. घरच्यांना आणि मित्रांना "ते कियेरो" म्हणायचं. ते जोडीदारालाही चालतं, आणि "ते आमो" त्याहून भारी.

इटालियनने रेघ दुसरीकडे ओढली आहे. "ती आमो" फक्त जोडीदाराला. आईला, भावाला, मित्राला "ती वोल्यो बेने", म्हणजे शब्दशः 'तुझं भलं इच्छितो'. जर्मनमध्येही घरच्यांसाठी "इश हाब दिश लीप" असं सौम्य वाक्य आहे आणि "इश लीबं दिश" हे वजनदार.

फ्रेंचमध्ये चूक हमखास होते. "झ तेम" म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्यात 'बियँ', म्हणजे 'चांगलं', घातलं की आपल्याला वाटतं प्रेम वाढलं. प्रत्यक्षात ते घटतं: "झ तेम बियँ" म्हणजे तू मला बरा वाटतोस, बस्स. आशेने वाट बघणाऱ्याला हा नकारच असतो.

घरात मुलगी "मला तो आवडतो" म्हणाली, तर काय समजावं?

मराठीत हे वाक्य ती सहज बोललेली नाही, एवढं नक्की समजावं. पण ते आवडणं आहे, ओढ आहे की बसलेलं प्रेम, हे त्या वाक्यातून कळणार नाही. "किती दिवस ओळखतेस?" या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा त्याच्यातलं काय आवडत नाही ते विचारा. "काहीच नाही" असं उत्तर आलं, तर ती अजून प्रेमात आहे किंवा त्याच्याकडे वर बघते आहे, घाई नको. तिने दोन-तीन गोष्टी पटापट सांगितल्या, त्याचा तापटपणा, पैशांचा घोळ, आणि तरीही ती त्याच्याबद्दल शांतपणे बोलत राहिली, तर त्या मुलाला घरी चहाला बोलवा.